कार्ड नंबर लाल का होतो, आणि हिरवा होऊनही फॉर्म परत का येतो: लुन तपासणीची बाकी वाचायला शिका

शिवाजीनगरला आमचं बॅक ऑफिस आहे. पुणे जिल्ह्यातल्या शाखांमध्ये लोक कार्डाचे अर्ज देतात: कार्ड बंद करा, न केलेला व्यवहार कार्डावर पडलाय तो बघा, बिलाचे पैसे दर महिन्याला खात्यातून वळते करा. हे कागद स्कॅन होऊन आमच्याकडे येतात, आम्ही ते स्क्रीनवर भरतो आणि बॅच बँकेकडे जाते. गेली कित्येक वर्षं एकच दुखणं पुन्हा पुन्हा येतं. काही फॉर्म "कार्ड नंबर चुकीचा" असा शेरा घेऊन परत येतात. कार्ड हरवलेल्या माणसाचा अर्ज असा दोन-तीन दिवस फिरत राहिला, तर तेवढे दिवस त्याचं कार्ड उघडंच राहतं. म्हणून मला या चुकीची चीड आहे आणि म्हणून हे सविस्तर लिहितोय.

यावरचा इलाज, म्हणजे लुन तपासणी, जुना आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लुन यांनी १९५४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ते १९६० मध्ये मिळालं. तेव्हा ते हातात धरायचं यंत्र होतं. आज तीच पद्धत जवळपास प्रत्येक कार्ड नंबरच्या शेवटच्या अंकात बसलेली आहे. आमच्या एंट्रीच्या स्क्रीनवरही आहे: नंबर टाकला की चौकट हिरवी होते नाहीतर लाल. पण ती बसवल्यावरही तक्रारी थांबल्या नाहीत, त्यांचे फक्त दोन गट पडले. एका गटातले नंबर लालच राहतात, कितीही वेळा टाका. दुसऱ्या गटातले हिरवे होऊन बँकेत जातात आणि तरी परत येतात. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी हिशेब एकदा हाताने करून बघा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. उदाहरणासाठी मी एक नंबर बनवला आहे. तो 9 ने सुरू होतो, त्यामुळे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या कुठल्याही खऱ्या कार्डाचा नाही.

```
नंबर    9 3 0 9   2 5 5 2   1 4 7 9   0 6 8 4
मोजणी   9 3 0 9   4 5 1 2   2 4 5 9   0 6 7 4
```

उजवीकडून सुरुवात करायची. शेवटचा अंक तसाच, त्याच्या डावीकडचा दुप्पट, त्याच्या डावीकडचा पुन्हा तसाच, असं एक आड एक. दुप्पट करून ९ च्या वर गेलं तर त्यातून ९ वजा करायचे. इथे ८ चे १६ झाले, ९ वजा जाता ७ उरले. खालच्या ओळीची बेरीज ७० येते. दहाने भागून बाकी शून्य, म्हणजे नंबर आपल्या घडणीत बरोबर. बाकी दुसरी काहीही आली तर कुठेतरी अंक चुकला.

एक अंक चुकला तर ही तपासणी तो शंभर टक्के पकडते, आणि त्याचं कारण साधं आहे. ० ते ९ हे अंक या रीतीने दुप्पट केले की ०, २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९ असे येतात. दहाही वेगवेगळे. म्हणजे कुठल्याही जागी एका अंकाऐवजी दुसरा पडला की बेरीज हलतेच आणि दहाच्या पटीत राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक स्क्रीन नुसतं लाल दाखवतात, बाकी दाखवत नाहीत. आम्ही ती दाखवायला लावली, कारण चूक किती अंतराची झाली ते बाकी सांगते.

जुन्नर भागातल्या एका शाखेतून आलेल्या फॉर्मवर हे मला पहिल्यांदा लख्ख दिसलं. ग्राहकाचा खरा नंबर इथे देत नाही, तीच चूक वरच्या बनावट नंबरावर दाखवतो. एंट्री करणाऱ्या ताईंनी टाकलं होतं:

```
9309 2552 9479 0684
```

चौकट लाल. त्यांनी पुसून पुन्हा टाकलं, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा मला हाक मारली, "सर, कागदावर हेच आहे हो, बघा तुम्ही." मी बघितलं आणि मलाही तेच दिसलं. बाकी होती ७.

ज्यांची शाळा मराठीत झाली, अशी बरीच मोठी माणसं फॉर्म भरताना अंक मिसळून लिहितात. सगळा नंबर इंग्रजी अंकांत जातो आणि मध्येच हात सवयीने देवनागरी १ काढतो. तो १ घाईच्या अक्षरात हुबेहूब इंग्रजी 9 दिसतो. तसाच देवनागरी ४ इंग्रजी 8 सारखा दिसतो. एंट्रीला बसलेली तरुण मुलं इंग्रजी माध्यमातली असतात, त्यांच्या डोळ्याला ही शंका येतच नाही.

१ चा 9 वाचला गेला, तर बाकी किती येईल हे आधीच सांगता येतं. ती जागा तशीच मोजायची असेल तर १ च्या जागी ९ आले, बेरीज ८ ने वाढली, बाकी ८. ती जागा दुप्पट करायची असेल तर २ च्या जागी ९ आले, बेरीज ७ ने वाढली, बाकी ७. ४ चा 8 झाला तर साध्या जागी बाकी ४ येते. दुप्पट जागी ८ च्या ठिकाणी ७ येतात, बेरीज एकाने घटते, बाकी ९.

मग त्या फॉर्मवर बाकी ७ आल्यावर काय केलं ते सांगतो. सोळा अंकी नंबरात दुप्पट जागा म्हणजे डावीकडून पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम जागा. टाकलेल्या नंबरात 9 चार ठिकाणी होते: पहिल्या, चौथ्या, नवव्या आणि बाराव्या जागी. त्यातले दुप्पट जागेवरचे दोनच, पहिला आणि नववा. पहिला अंक बँकेच्या त्या कार्डाच्या ठरलेल्या सुरुवातीतला, तो आम्हाला पाठ असतो. उरला नववा. स्कॅन मोठा केला, आणि त्याच कागदावरच्या तारखेच्या रकान्याकडे गेलो. तिथे 9 असण्याची शक्यताच नव्हती अशा ठिकाणी, महिन्याच्या पहिल्या अंकात, तशीच शेपटी ओढलेला आकडा होता. म्हणजे तो १ होता, आणि नंबरातला नववाही १ च होता. बदलला, बाकी शून्य, चौकट हिरवी. तरीही शाखेत फोन करून ग्राहकाकडून शेवटचे चार आणि तो मधला गट विचारून घेतला, मगच पुढे पाठवला.

तारखेचा रकाना ही माझी आवडती जागा आहे. त्या माणसाच्या हातचा १ कसा असतो हे तिथे हमखास सापडतं, आणि कोणता अंक शक्य आहे आणि कोणता नाही हेही आपल्याला ठाऊक असतं.

अशा दोन चुका एका नंबरात झाल्या तर एकमेकींना झाकतील का, हे मी कागदावर ताडून पाहिलं. ७, ८, ४ आणि उणे १ यांतल्या कुठल्याही दोघांची बेरीज शून्यावर किंवा दहाच्या पटीत येत नाही, त्यामुळे दोन झाल्या तरी लाल होणारच. तीन झाल्या तर मात्र झाकल्या जाऊ शकतात. साध्या जागी दोन १ आणि एक ४ चुकले तर ८, ८ आणि ४ मिळून २० होतात आणि चौकट हिरवी होते. म्हणून अख्खा नंबर देवनागरीत लिहिलेला फॉर्म आला तर आम्ही तो वेगळ्या ट्रेमध्ये काढतो आणि देवनागरी सरावाने वाचणाऱ्या माणसालाच देतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बाकी कळली म्हणून कीबोर्डवर बसून नंबर "दुरुस्त" करू नका. लाल झालेल्या नंबरात प्रत्येक जागी नेमका एक अंक असा असतो की तो टाकला की चौकट हिरवी होते. सोळा जागा, म्हणजे सोळा हिरवे नंबर. चूक एकाच अंकाची असेल तर त्यातला एकच ग्राहकाचा, बाकीचे पंधरा त्याचे नाहीत. बाकी बघून कागदावर कुठे आधी नजर टाकायची एवढंच ठरवायचं. कागदावर उत्तर नसेल तर शाखेला फोन.

एक्सेलमधून आलेला नंबर

काही शाखा घाईच्या दिवशी फॉर्मसोबत एक्सेलची यादी पाठवतात. कार्ड नंबर असे उघडे एक्सेलमध्ये फिरूच नयेत हे माझं ठाम मत आहे, पण यादी आली की तिच्यातली चूक ओळखता यायला हवी. एक्सेल आकड्याचे पंधरा अंकच जपतं. सोळावा अंक शून्य होतो. रकान्यात 9.30926E+15 असं काहीतरी दिसतं, आणि रकाना रुंद करून, फॉरमॅट बदलून पाहिलं तर 9309255214790680. खूण अगदी सोपी: यादीतला प्रत्येक सोळा अंकी नंबर 0 ने संपतो. ज्यांचा शेवटचा अंक मुळातच 0 होता ते हिरवे होतात, उरलेले सगळे लाल. त्यामुळे "यादीतले थोडे चालतात, बरेचसे चालत नाहीत" अशी तक्रार येते आणि लोक भलतीकडेच शोधत बसतात.

नंतर रकाना टेक्स्ट केला तरी गेलेला अंक परत येत नाही. टाइप करण्याआधी रकाना टेक्स्ट करावा लागतो, आणि सीएसव्ही फाइल डबल क्लिकने न उघडता डेटा मेनूतून आयात करून तो रकाना टेक्स्ट म्हणून घ्यावा लागतो.

इथे हुशार माणसाला एक मोह होतो, आमच्याकडेही झाला होता. पहिले पंधरा अंक तर शाबूत आहेत, त्यांची बेरीज ६६ येते, ७० ला ४ कमी, म्हणजे सोळावा अंक ४. गणित बिनचूक आहे, उत्तरही बरोबर आलं. पण शाखेतल्या माणसाने पहिल्या पंधरांत कुठे चूक केली असती, तर ती पकडणारा अंक आपणच नव्याने तयार केला असता. असा काढलेला अंक टाकल्यावर नंबर कायम हिरवाच होणार, चूक असो वा नसो. शेवटचा अंक हा साक्षीदार आहे, त्याची साक्ष आपण लिहून द्यायची नसते. आम्ही अशी यादी परत करतो आणि मूळ फॉर्मवरूनच भरतो.

हिरवा होऊनही परत आलेला

हा गट लहान आहे, पण जास्त त्रासाचा, कारण स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

फॉर्मवर नंबर पुसट असला की ग्राहकाला फोन लावला जातो. मराठी माणूस फोनवर नंबर जोड्यांनी सांगतो: "त्र्याण्णव, शून्य नऊ, पंचवीस, बावन्न..." आपल्या भाषेत एकक आधी बोललं जातं. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, वीस नंतर. ऐकता ऐकता टाइप करणाऱ्याचा हात 5 कडे आधी जातो आणि 25 चे 52 होतात. ही अदलाबदल लुन पकडते. वरच्या नंबरात पहिल्या जोडीचे 52 केले तर बेरीज ६४ होते आणि चौकट लाल.

पण त्याच ओघात पुढच्या बावन्नचेही 25 झाले तर? 2552 च्या जागी 5225 आले. मोजणी करा: १, २, ४, ५, बेरीज १२. मूळची ४, ५, १, २, तीही १२. चौकट हिरवी. आमच्याकडे नेमका असा एक फॉर्म हिरवा होऊन गेला आणि बँकेकडून "कार्ड ग्राहकाच्या नावाशी जुळत नाही" म्हणून परत आला. एंट्री करणाऱ्याला वाटत राहिलं की बँकेच्या बाजूला घोळ आहे, कारण स्क्रीनने तर पास केलं होतं.

त्याचं कारण असं की एक आड एक अंकाला एकच वजन असतं. अंक दोन घरं सरकला तर त्याचं वजन तेच राहतं. म्हणून अख्खी जोडी शेजारच्या जोडीशी बदलली, किंवा चाराचा एक गट दुसऱ्या गटाच्या जागी गेला, तर लुनला काहीच कळत नाही. कार्डावर चार-चारचे गट छापलेले असल्यामुळे ओळ चुकून दुसरा आणि तिसरा गट उलटसुलट टाकणं ही अगदी होण्यासारखी चूक आहे.

शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही एका ठिकाणी निसटते, ० आणि ९ शेजारी असले की. दुप्पट केल्यावर अंक स्वतःपेक्षा कितीने बदलतो ते पाहिलं तर ० आणि ९ दोघेही बदलत नाहीत. बाकी प्रत्येक अंकाचा फरक वेगळा आहे, म्हणून बाकी सगळ्या अदलाबदली पकडल्या जातात आणि 09 चे 90 तेवढे सुटतात. आमच्या उदाहरणातलं 9309 हे 9390 झालं तरी बेरीज ७० च.

यावर आम्ही काय केलं? पहिलं म्हणजे फोनवर नंबर घेताना वाक्यच ठरवून दिलं: "काका, एकेक आकडा सांगा, जोडीने नको. दोन, पाच, पाच, दोन, असं." आणि ऐकणाऱ्याने चारचा गट झाला की तसाच परत म्हणायचा. दुसरं म्हणजे एंट्री तपासणाऱ्या चेकरने पहिली एंट्री करणाऱ्या मेकरचा नंबर नुसता डोळ्यांनी ताडायचा नाही. त्याला तो दिसतच नाही, त्याने स्कॅनवरून स्वतः पुन्हा टाकायचा आणि दोन्ही जुळले तरच पुढे. डोळा 5225 ला 2552 म्हणून सहज वाचतो, बोटांची तीच चूक दोन माणसांच्या हातून होणं फार अवघड असतं. फोनवर घेतलेल्या नंबराला याचा उपयोग नाही, कारण स्कॅनमध्ये तो नीट दिसतच नाही. तिथे शेवटचे चार अंक बँकेच्या नोंदीतल्या नावाशी ताडतो, आणि मधले दोन गट दुसरा माणूस ग्राहकाकडून पुन्हा विचारतो.

तपासणीच चुकीची लिहिलेली असेल तर

एकदा पंधरा अंकी सगळी अमेरिकन एक्सप्रेस कार्डं लाल यायला लागली होती. प्रोग्रॅम करणाऱ्याने मोजणी डावीकडून सुरू केली होती. सोळा अंकांना ते योगायोगाने जमतं, पंधरा अंकांना दुप्पट जागा सरकतात. उजवीकडूनच मोजायचं. आम्ही आता हे वापरतो:

```python
def baki(s):
    a = [int(c) for c in s if c.isdecimal()]
    berij = 0
    for i, x in enumerate(reversed(a)):
        if i % 2:
            x = x * 2
            if x > 9:
                x -= 9
        berij += x
    return berij % 10
```

यात अंकांमधल्या मोकळ्या जागा आणि डॅश आपोआप गळतात, आणि पायथनमध्ये isdecimal आणि int दोन्ही देवनागरी अंक ओळखतात, त्यामुळे कुणी मराठी कीबोर्डवरून १४७९ टाकलं तरी हिशेब बरोबर होतो. जावास्क्रिप्टमध्ये `\d` फक्त इंग्रजी अंक धरतो. तिथे देवनागरी अंक गळून पडले तर नंबर लहान होतो, म्हणून आधी ते इंग्रजीत बदलून घ्या. आणि लांबी वेगळी तपासाच: रिकाम्या चौकटीची बाकीही शून्य येते, सोळा शून्यांचीही.

सध्या आमच्या स्क्रीनवर तिसरा रंग आहे. नंबर लुनमध्ये पास झाला, पण त्यात कुठेही 09 किंवा 90 शेजारी असेल, तर चौकट हिरवी न होता पिवळी होते आणि ते दोन अंक जाड दिसतात. ढोबळ हिशेबाने चारातला एक नंबर पिवळा होतो, एवढं काम परवडतं. एंट्री करणाऱ्याने फक्त ती जोडी कागदावर बोट ठेवून बघायची आणि एंटर दाबायचं. गटांची उलटापालट मात्र पिवळ्यातही येत नाही. ती चेकरच्या दुसऱ्या एंट्रीतच सापडते, म्हणून महिनाअखेरीला कितीही गर्दी असली तरी ती पायरी आम्ही गाळत नाही.